सहाध्यायी मूल्यमापन पत्रक: ‘नागपूरचे पाणी’ गट सादरीकरणे

अकरावी कला, तुकडी ब. विषय: पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. सादरीकरणाचा दिवस: शनिवार, १८ जानेवारी २०२५, सकाळी ८ वाजता, दुसऱ्या मजल्यावरील सभागृह.

वर्गात ३६ विद्यार्थी असून सहा जणांचा एक याप्रमाणे सहा गट आहेत: अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, नाग नदी, पेंच आणि कन्हान. प्रत्येक गटाला सादरीकरणासाठी १० मिनिटे आणि प्रश्नोत्तरांसाठी ५ मिनिटे मिळतील. स्वतःचा गट सोडून उरलेल्या पाच गटांचे मूल्यमापन प्रत्येकाने करावयाचे आहे, म्हणजे प्रत्येक गटाला ३० जणांकडून गुण मिळतील. पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात गटाचे नाव आणि आपला हजेरी क्रमांक लिहावा. स्वतःचे नाव लिहू नये. हजेरी क्रमांक फक्त शिक्षकांना दिसेल आणि गटाच्या हाती पडताना शेरे त्याशिवाय पडतील.

निकष

एकूण गुण २० असून चार निकषांना प्रत्येकी ५ आहेत. तक्त्यात १, ३ आणि ५ गुणांचे वर्णन दिले आहे. सादरीकरण दोन वर्णनांच्या मध्ये बसत असेल तर २ किंवा ४ द्यावेत. अर्धा गुण देऊ नये.

| निकष | १ गुण | ३ गुण | ५ गुण |
|---|---|---|---|
| आशय आणि पुरावा | सर्वसाधारण विधाने केली, ठिकाण किंवा आकडा नाही | काही माहिती नेमकी, पण ती कोठून मिळाली हे सांगितले नाही | माहिती नेमकी असून स्रोत, भेट किंवा मुलाखत यांचा उल्लेख केला |
| मांडणी | एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी, शेवट अर्धवट | क्रम समजतो, पण एखादा भाग लांबला किंवा राहून गेला | प्रत्येक मुद्दा पुढच्याला जोडलेला, वेळ पाळली |
| ऐकू येणे आणि समजणे | मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचला नाही किंवा कागद वाचून दाखवला | बहुतेक वेळ ऐकू आले, अवघड शब्द उलगडले नाहीत | सर्वांना ऐकू आले, अवघड शब्द सोपे करून सांगितले |
| प्रश्नांची उत्तरे | उत्तर टाळले किंवा भलतेच दिले | उत्तर दिले, पण कारण दिले नाही | कारणासह उत्तर दिले किंवा ‘हे आम्ही तपासले नाही’ असे स्पष्ट सांगितले |

पहिल्या निकषाचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. ‘अंबाझरीमुळे शहरात पूर आला होता’ हे विधान खरे असले तरी मोघम आहे. ‘२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, त्या वस्तीतील दोन कुटुंबांशी आम्ही बोललो’ असे सांगणाऱ्या गटाने तारीख, कारण आणि माहितीचा मार्ग अशा तिन्ही गोष्टी दिल्या आहेत. ५ गुण दुसऱ्या विधानाला आहेत. चकचकीत स्लाइड्स, रंगीत तक्ते किंवा ड्रोनने काढलेली चित्रफीत यांना या निकषात स्वतंत्र गुण नाहीत, कारण ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनाच ते सोपे जाते.

तिसऱ्या निकषाबद्दल काटेकोर राहावे. आपल्यापैकी अनेकजण घरी वऱ्हाडी बोलतात, काहींच्या बोलण्यात हिंदी मिसळते, आणि ‘पाणी वाया जाऊन राहिलं’ असे म्हणणाऱ्याचा मुद्दा ‘पाणी वाया जात आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मुद्द्याइतकाच स्पष्ट असतो. बोलीसाठी गुण कापलेले आढळल्यास तो गुण मोजला जाणार नाही. येथे आवाज आणि स्पष्टीकरण पाहावयाचे आहे.

गटात कोणी किती काम केले, हा निकष या पत्रकात जाणूनबुजून ठेवलेला नाही. समोर बसलेल्याला ते दिसत नाही. ते गटाच्या कामाच्या वहीवरून शिक्षक पाहतील.

शेरा लिहिण्यासाठी वाक्यांची सुरुवात

प्रत्येक गटासाठी किमान दोन वाक्ये लिहावीत: एक जमलेल्या गोष्टीविषयी आणि एक सुधारता येईल अशा गोष्टीविषयी. ‘छान’, ‘मस्त’, ‘बोअर’ अशा एका शब्दाच्या शेऱ्यावरून गटाला काहीच कळत नाही. पुढीलपैकी कोणतीही सुरुवात घेऊन वाक्य आपल्या शब्दांत पूर्ण करावे. कोणती सुरुवात कोठे वापरावी हे कळावे म्हणून प्रत्येकीपुढे एक पूर्ण वाक्य दिले आहे.

जमलेल्या गोष्टीसाठी:

- ‘तुम्ही दाखवले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की…’ : तुम्ही नकाशा दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की नाग नदी शेवटी कन्हानला मिळते.
- ‘तुमचा हा पुरावा पटला, कारण…’ : पंपिंग स्टेशनच्या कर्मचाऱ्याची मुलाखत पटली, कारण त्याने पाणी किती वाजता सोडतात हे नेमके सांगितले.

सुधारणेसाठी:

- ‘हा भाग मला नीट समजला नाही, कारण…’ : शुद्धीकरणाचा भाग मला नीट समजला नाही, कारण ‘क्लोरिनेशन’ म्हणजे काय हे सांगितले नाही.
- ‘यासोबत हे दिले असते तर…’ : फुटाळ्यावरील कचऱ्याच्या फोटोसोबत तारीख दिली असती तर ही सध्याची स्थिती आहे हे कळले असते.
- ‘मला अजून विचारायचे आहे की…’ : मला अजून विचारायचे आहे की पेंचचे पाणी शहरात येईपर्यंत वाटेत किती वाया जाते.

माणसाविषयी नव्हे, सादरीकरणाविषयी लिहावे. ‘ती घाबरट आहे’ हा शेरा शिक्षक बाजूला ठेवतील. ‘शेवटची दोन वाक्ये ऐकू आली नाहीत’ हा शेरा गटापर्यंत पोहोचेल.

भरलेल्या पत्रकाचा नमुना

हजेरी क्रमांक ३३, गट: नाग नदी. आशय आणि पुरावा ४, मांडणी ३, ऐकू येणे आणि समजणे ४, प्रश्नांची उत्तरे २, एकूण १३. शेरा: ‘तुम्ही तीन पुलांवरून काढलेले फोटो एकामागून एक दाखवले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की पाण्याचा रंग शहरातून पुढे जाताना किती बदलतो. सांडपाणी नेमके कोठून येते या प्रश्नाचे उत्तर मला नीट समजले नाही, कारण ‘सगळीकडून’ एवढेच सांगितले.’

या शेऱ्यावरून ४ का आणि २ का, हे दोन्ही कळते. ज्या निकषाला १ किंवा ५ गुण दिले असतील त्याचे कारण शेऱ्यात असणे सक्तीचे आहे.

पहिल्या गटाला गुण देताना हात आखडता राहतो, कारण तुलनेला काही नसते. म्हणून दुसरे सादरीकरण संपल्यावर दोन मिनिटे थांबून पहिल्या गटाचे गुण बदलण्याची मुभा आहे. त्यानंतर खाडाखोड करू नये.

पक्षपाती गुणांची दुरुस्ती

मैत्री, जुने भांडण, एकाच बसने येणे-जाणे यांचा परिणाम गुणांवर होतो. सगळ्यांना झुकते माप देणारा विद्यार्थी आणि सगळ्यांवर कडक असणारा विद्यार्थी, दोघेही प्रामाणिक असू शकतात. त्यामुळे दुरुस्तीचे नियम आधीच सर्वांना सांगितले आहेत आणि ते प्रत्येक पत्रकाला सारखेच लागू होतील.

पहिला नियम असा की गटाचे गुण काढताना मध्य न घेता मध्यक घेतला जाईल. दहावीत आपण दोन्ही शिकलो आहोत. समजा, एका गटाला सात जणांनी १३, १४, १४, १५, १५, १५, १५ असे गुण दिले. त्यांचा मध्य १४.४ आणि मध्यक १५ आहे. आता दोन मित्रांनी २०-२० दिले तर मध्य १५.७ होतो, मध्यक १५ च राहतो. आपल्याकडे ३० पत्रके असतील, म्हणून चढत्या क्रमातील १५ व्या आणि १६ व्या गुणांची सरासरी हा मध्यक असेल.

दुसरा नियम एकूण सढळपणाचा किंवा कडकपणाचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच गटांना दिलेल्या गुणांची सरासरी त्याच पाच गटांच्या कच्च्या मध्यकांच्या सरासरीशी ताडली जाईल. फरक ३ पेक्षा जास्त असेल तर तो पूर्णांकात करून त्याच्या सर्व गुणांतून वजा किंवा त्यांत मिळवला जाईल. कन्हान गटातील दोन विद्यार्थ्यांचे कल्पित उदाहरण पाहा:

| | अंबाझरी | फुटाळा | गोरेवाडा | नाग नदी | पेंच | सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|
| कच्चा मध्यक | १४ | १५ | १६ | १३ | १५ | १४.६ |
| क्रमांक ३४ ने दिलेले | १९ | १८ | २० | १८ | १९ | १८.८ |
| क्रमांक ३४, दुरुस्तीनंतर | १५ | १४ | १६ | १४ | १५ | १४.८ |
| क्रमांक ३५ ने दिलेले | १२ | १४ | २० | १२ | १३ | १४.२ |

क्रमांक ३४ चा फरक ४.२ आहे, म्हणून प्रत्येक गुणातून ४ वजा झाले. त्याने गटांचा लावलेला क्रम तसाच राहिला. त्याचे मत पुसले गेले नाही.

क्रमांक ३५ च्या बाबतीत मात्र सरासरी फसवी आहे. ती वर्गाच्या जवळच दिसते, पण त्याने चार गटांना मध्यकापेक्षा थोडे कमी आणि एकट्या गोरेवाड्याला ४ जास्त दिले आहेत. एखाद्या गटाचा फरक त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सरासरी फरकापासून ३ पेक्षा जास्त दूर असेल तर त्याचा शेरा वाचला जाईल, हा तिसरा नियम आहे. येथे सरासरी फरक उणे ०.४ आणि गोरेवाड्याचा फरक अधिक ४, म्हणजे अंतर ४.४ होते. शेऱ्यात सादरीकरणात खरोखर दिसलेली गोष्ट लिहिलेली असेल तर २० कायम राहतील, कारण एकट्याचे निरीक्षणही बरोबर असू शकते. ‘सगळ्यात भारी ग्रुप’ एवढेच लिहिले असेल तर गोरेवाड्याचा तेवढा एक गुण मोजणीतून वगळला जाईल. बाकीचे चार राहतील.

चौथा नियम ठरवून केलेल्या गटबाजीसाठी आहे. एखाद्या गटातील सहा जणांचा दुसऱ्या गटाला दिलेल्या गुणांचा मध्यक उरलेल्या २४ जणांच्या मध्यकापेक्षा ३ हून अधिक वर किंवा खाली असेल, तर त्या सादरीकरणापुरती ती सहा पत्रके बाजूला ठेवून २४ पत्रकांवरूनच गुण काढले जातील. सर्व गटांना चारही निकषांत एकसारखे गुण देणारे पत्रक मात्र परत येईल आणि त्याच दिवशी पुन्हा भरावे लागेल.

या क्रमाने दुरुस्ती झाल्यावर अंतिम मध्यक काढला जाईल. अंतिम गुणांत वर्गाचा वाटा पाचात दोन आणि शिक्षकांचा पाचात तीन आहे. वर्गाचा मध्यक १५ आणि शिक्षकांचे गुण १३ असतील तर ३० आणि ३९ यांची बेरीज भागिले ५, म्हणजे १३.८, पूर्णांकात १४. दोघांत ४ पेक्षा जास्त तफावत पडली तर शिक्षक गुण गुपचूप बदलणार नाहीत. आपल्या गुणांचे कारण लिहून ते गटाला देतील.

शेरे आणि अंतिम गुण मंगळवार, २१ जानेवारी रोजी दिले जातील. कोणते पत्रक दुरुस्त झाले किंवा वगळले गेले, हे हजेरी क्रमांकाशिवाय फलकावर लावले जाईल. हरकत असल्यास गटाने मिळून, कोणत्या निकषाबद्दल आणि का, हे अर्ध्या पानात लिहून बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत द्यावे.