इयत्ता नववी, इतिहास : साधनाधारित निबंधाची गुणदान कसोटी (२० गुण)

प्रश्न : मिठाच्या करासारखा साधा विषय ब्रिटिश सत्तेला आव्हान देण्यास कसा पुरेसा ठरला?

साधने : (अ) गांधीजींचे लॉर्ड आयर्विन यांना पत्र, २ मार्च १९३०, (आ) धारासना लाठीमाराचे वेब मिलर यांचे वार्तांकन, (इ) गांधी-आयर्विन करार, ५ मार्च १९३१.

मुख्य विधान, ४ गुण. प्रश्नाला थेट उत्तर हवे. घटनाक्रम सांगून थांबल्यास १.

पुरावा, ६ गुण. तिन्ही साधने वापरून प्रत्येकातून विधानाला आधार दिल्यास ६, दोन वापरल्यास ४, एकच वापरल्यास २. नुसते उतारे उतरवल्यास शून्य.

साधनाची पारख, ६ गुण. निबंधाचा खरा कस इथे लागतो. पत्र व्हाइसरॉयला आहे, म्हणून त्यातला सूर तसा का? मिलर परदेशी वार्ताहर, याचा परिणाम काय? करारात किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरगुती वापरापुरती सवलत मिळाली, पण कर राहिला. हा अंतर्विरोध ज्याला दिसला त्याला हात राखून गुण देऊ नयेत. एका साधनाची नीट पारख केल्यास ३, दोन किंवा अधिक साधनांची केल्यास ६.

बाहेरचा संदर्भ, २ गुण. उदा. शिरोडा, वडाळा.

मांडणी, २ गुण. शुद्धलेखनासाठी गुण कापू नयेत.