नववर्षाच्या शुभेच्छा, कॅनिंग युनिटच्या सगळ्यांना

नमस्कार मंडळी,

२०२६ च्या तुम्हांला आणि घरच्यांना मनापासून शुभेच्छा.

गेलं वर्ष सोपं नव्हतं. २०२५ मध्ये मे संपायच्या आतच मान्सून कोकणात उतरला आणि ऐन कॅनिंगच्या दिवसांत बागांतला आंबा भिजला. डागी फळ निवडून बाजूला काढायचं, वीज गेली की बॉयलर पुन्हा तापेपर्यंत थांबायचं, आणि तरी रस त्याच दिवशी डब्यात बंद करायचा. हे तुम्ही केलंत. निवड टेबलावरच्या मावशींनी संशयास्पद फळ एकदाही पुढे जाऊ दिलं नाही. त्यामुळेच आपला एकही डबा परत आला नाही. बॉयलरवरचे काका तापाने फणफणलेले असतानाही विचारायला यायचे, प्रेशर नीट आहे ना? (काका, यंदा असं करायचं नाही. घरी झोपायचं.)

पावसाळ्यात काम कमी झालं, पगार उशिरा झाले, काहींना गणपतीचा खर्च उसनवारीवर भागवावा लागला. ते मी विसरलेलो नाही. राहिलेली सगळी रक्कम १० जानेवारीला खात्यात जमा होईल. यंदा हंगामाआधी जनरेटरही बसतोय.

आता बागांत मोहोर दिसू लागलाय. पीक किती येईल ते आज सांगता येणार नाही, पण हंगामाला सगळ्यात आधी बोलावणं तुम्हांलाच येईल, हा माझा शब्द.

सोमवारी दुपारी युनिटवरच एकत्र जेवूया. मुलांनाही घेऊन या.

तुमचा,
युनिट व्यवस्थापक, रत्नागिरी