विषय: मसाला लेबल – एक राउंड म्हणजे काय आणि एक्स्ट्रा पैसे कधी लागतात

ताई नमस्कार,

परवापासून तुमचे आणि भाऊजींचे मिळून 11 मेसेज आलेत, त्यात 4 व्हॉइस नोट, आणि तुम्ही म्हणताय लाल कमी करा तर भाऊजी म्हणतायत कांदा लसूण मसाला आहे, अजून भडक पाहिजे. मी नक्की कुणाचं ऐकू? 😄 फोनवर बोललेलं राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतोय.

कोटेशनच्या 12,000 मध्ये 2 राउंड धरलेत. राउंड म्हणजे एक बदल नव्हे. मी पीडीएफ पाठवली, तुम्ही घरात सगळ्यांना दाखवली, जे ठरलं ते एकाच मेलमध्ये लिहून पाठवलंत, मी ते करून नवीन पीडीएफ दिली की झाला एक राउंड. त्यात बदल 3 असू देत नाहीतर 15, माझी काही हरकत नाही. पण सकाळी "नाव मोठं करा", ते करून पाठवलं की दुपारी "आता मिरची डावीकडे घ्या", असं झालं तर ते दोन राउंड धरावे लागतात, कारण फाइल दर वेळी उघडून परत सगळं जुळवत बसावं लागतं.

पहिला राउंड मागच्या आठवड्यात झाला. हे 11 मेसेज अजून मोजले नाहीयेत, शुक्रवारपर्यंत तुम्ही दोघांनी बसून एकच लिस्ट दिलीत तर तो दुसरा राउंड धरतो.

माझ्याकडून चूक झाली, म्हणजे तुम्ही दिलेला मजकूर मी चुकीचा टाकला किंवा फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटली, तर ते कितीही वेळा फुकट. पण तुमच्याकडूनच वजन, एमआरपी किंवा एफएसएसएआयचा नंबर चुकीचा आला असेल तर तो बदल राउंडमध्ये धरणार. तो नंबर 14 आकडी असतो, तुम्ही पाठवलेल्यात 13च आहेत, तेवढं लायसन्स बघून कळवा प्लीज.

तिसऱ्या राउंडपासून प्रत्येकी 900. 200 ग्रॅमचंच डिझाइन 500 ग्रॅमच्या पाऊचला बसवायचं तर 1,500, कारण नुसतं ताणून चालत नाही, मागची माहिती परत मांडावी लागते. आणि "हे नकोच, जात्याऐवजी पाटा-वरवंटा घेऊन नवीन काहीतरी करू" असं झालं तर तो बदल नाही, नवीन डिझाइन आहे, त्याचे 5,000.

एकदा तुम्ही "फायनल" लिहून दिलंत आणि फाइल प्रेसला गेली की त्यानंतरच्या बदलाचे माझे 900 आहेतच, पण छपाईचे सिलेंडर बनले असतील तर प्रेसवाले त्याचे वेगळे लावतील, आणि ते माझ्या हातात नाही. म्हणून फायनल म्हणायच्या आधी एक कलर प्रिंट काढून खऱ्या पाऊचवर चिकटवून बघा, मोबाइलवर दिसतो तो लाल छापल्यावर तसाच्या तसा येत नाही. भाऊजींनाही तेव्हाच दाखवा.

एक्स्ट्रा काहीही लागणार असेल तर आधी रक्कम सांगेन, तुमचं "हो" आल्याशिवाय काम सुरू करणार नाही. शुक्रवारी लिस्ट आली की मंगळवारी नवीन पीडीएफ देतो.

मयूर