हर्षूच्या लग्नाचा दिवस : आपल्या घरच्यांसाठी वेळापत्रक

सगळ्यांनी आज रात्रीच एकदा पूर्ण वाचा. पाहुण्यांचं वेळापत्रक जिभाऊंकडे वेगळं आहे. हे आपल्यासाठी, म्हणजे नवरीच्या घरच्यांसाठी लिहिलंय. आपल्याकडे लग्नात मुलीचे आईबाप दिवसभर उपाशी पळतात आणि पाठवणीच्या वेळी उभं राहायचीही ताकद त्यांच्यात उरत नाही. नाना आणि वहिनींचं तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून जेवण आणि झोपसुद्धा वेळ घालून लिहिली आहे. तीही विधीइतकीच पाळायची.

टाळी गोरज मुहूर्तावर, संध्याकाळी ६ वाजून ४५ मिनिटांनी. देवक आणि ग्रहमख आदल्या दिवशीच होत असल्याने सकाळ मोकळी आहे. सकाळचं सगळं घरी, दुपारी साडेतीननंतरचं सगळं चोपड्याच्या मंगल कार्यालयात.

पहाटे ४.००
बापू गाडी घेऊन अमळनेर स्टेशनला निघतील. सुरतची मंडळी पहाटेच्या गाडीने येताहेत, त्यात मोठ्या आत्याबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं. कल्याणहून येणारे जळगावला उतरून एस.टी.ने येणार आहेत, ते नऊच्या आत पोचतील. त्यांना आणायला कोणी जायचं नाही, फक्त स्टँडवर सागर उभा राहील.

४.३०
नाना, वहिनी आणि मी उठू. बाकी कोणाला उठवायचं नाही. हर्षूला तर मुळीच नाही, तिला सहापर्यंत झोपू द्या. आदल्या रात्री मेंदी आणि गाण्यांमुळे ती उशिरा झोपेल हे धरूनच चालू. नाना आंघोळ करून देवाला दिवा लावतील, कुलदेवीपुढे विडा ठेवतील.

नानांची रक्तदाबाची गोळी साडेपाचला. ती माझ्या पर्समध्ये आहे, ते विसरतील म्हणून मीच देईन.

६.३० ते ८.००
चहा आणि पोहे. आचारी कार्यालयावर असेल, म्हणून घरचे पोहे शेजारच्या काकू आणि आपल्या दोन्ही मामी करतील. सगळ्यांनी पोटभर खायचं, कारण दुपारचं जेवण बाराला आहे. ज्यांचा उपास आहे, म्हणजे नाना, वहिनी आणि हर्षू, त्यांच्यासाठी दूध, दोन-दोन केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वेगळ्या ताटात झाकून ठेवलेले असतील. त्या ताटाला लहान मुलांनी हात लावायचा नाही.

उपासाबद्दल माझं मत स्पष्ट लिहिते. कन्यादान होईपर्यंत आईबापाने जेवायचं नाही ही आपली रीत आहे आणि ती आपण पाळू. पण वैशाखातल्या जळगाव जिल्ह्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात रात्री नऊपर्यंत कोरडं राहणं देवालाही नको असेल. आजीला विचारलं. ती म्हणाली, फळ, दूध, भगर, ताक चालतं, तिच्या लग्नातही तिच्या आईने ताक घेतलं होतं. तेव्हा यावर आता कोणी वाद घालू नये.

८.३०
शिरपूरहून उष्टी हळद येईल. नवरदेवाची हळद तिकडे आदल्या रात्री होईल, तीच घेऊन त्यांची चारपाच माणसं येतील. चहा-पोहे त्यांच्यासाठी राखून ठेवा, निघताना टोपी-टॉवेल द्या. ती आली की लगेच हळद सुरू. आली नाही तरी साडेआठला पाट मांडून तयारी पूर्ण हवी.

हळद मांडवात, पूर्वेच्या बाजूला, तिथे साडेनऊपर्यंत सावली असते. आधी आजी, मग पाच सवाष्णी, मग बाकी सगळे. हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायांना खाली सतरंजीवर आधीच बसवा, मागून जागा मिळत नाही. मोठ्या स्पीकरची गाणी त्या वेळी बंद. आपल्या बायांच्या अहिराणी गाण्यांत नवरीचं, मामाचं, मावशीचं नाव गुंफलेलं असतं, ते ऐकू आलंच पाहिजे. नंतर पोरांना पाहिजे तेवढं वाजवू द्या.

पावणेदहाला हळद संपवायची. तिथून पुढे पत्रे तापतात.

१०.०० ते ११.३०
हर्षूची आंघोळ, केस वाळवणं. तेवढ्यात मी आणि धाकटी मामी दागिन्यांची पेटी यादीप्रमाणे मोजू. मंगळसूत्र नवरदेवाकडून येणार, ते आपल्या यादीत नाही. पेटीची किल्ली फक्त धाकट्या मामीकडे. कोणीही मागितली तरी, मी मागितली तरी, पेटी तिनेच उघडायची.

आहेराच्या साड्या आणि शाल-टोप्यांच्या पिशव्यांवर नावं लिहिलेली आहेत. त्या आप्पांच्या गाडीत. रुखवत सागरच्या टेम्पोत. सांजोऱ्या आणि पापडाचे डबे वर ठेवा, खाली चेपतात.

१२.००
घरचं जेवण. साधं वरण, भात, पोळी, कैरीचं लोणचं, ताक. लग्नाचं जेवण संध्याकाळी आहे, आत्ता पोट जड करायचं नाही. दोन पंगतींत पाऊण तासात आटपेल. उपासाच्या तिघांसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ती मी आतल्या खोलीत वाढेन. मांडवात बसलात तर दर मिनिटाला कोणीतरी येऊन काहीतरी विचारेल.

१.०० ते ३.००
विश्रांती. हा या कागदातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

वहिनी आणि हर्षू माडीवरच्या कूलरच्या खोलीत. दार आतून बंद. दोघींचे मोबाइल माझ्याकडे. त्या झोपतील किंवा बोलतील, त्यांचं त्या ठरवतील. लग्न ठरल्यापासून त्या दोघी एकमेकींशी फक्त याद्यांबद्दल बोलताहेत हे मी रोज बघते आहे. या दोन तासांत कोणीही दार वाजवायचं नाही. काही विचारायचं असेल तर मला, मी जिन्याखालीच बसलेली असेन.

नाना मागच्या ओसरीवर आडवे होतील. आचाऱ्याचा, बँडवाल्याचा, मंडपवाल्याचा फोन आला तर जिभाऊ घेतील. पैशाचं पाकीटही त्या वेळेपासून जिभाऊंकडे. नाना, तुम्हाला हात जोडून सांगते, झोप लागली नाही तरी पाठ टेका.

आजी आणि आत्याबाई देवघराच्या खोलीत. लहान मुलं शेजारच्या घरी, त्यांच्याकडेही कूलर आहे आणि त्यांनी स्वतःहून सांगितलंय.

ज्यांनी झोपायचं नाही ते चौघं : सागर, बापू, मोठा मामा आणि जिभाऊ. सागर आणि मोठा मामा दोनला रुखवत घेऊन कार्यालयावर जातील. या चौघांनी रात्री लवकर झोपायचं, म्हणून आदल्या दिवशीची कामं त्यांना दिलेली नाहीत.

३.३०
घरातून निघायचं. पहिली गाडी हर्षूची : ती, धाकटी मामी, दागिन्यांची पेटी, पार्लरवाली. दुसरी गाडी आजी-आत्याबाईंची. घराला कुलूप आप्पा लावतील. कूलर, गॅस आणि देवापुढची समई बघून.

४.१५
वऱ्हाड येईल. शिरपूरहून दोन लक्झरी आणि काही जीप, अंदाजे दीडशे माणूस. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गार पाणी, मग कैरीचं पन्हं, मग जानोशाची खोली. चहा पाच मिनिटांनी, येताक्षणी नको. स्वागताला दारात आप्पा, मोठा मामा आणि दोन्ही मामी. विहीणबाईंच्या खोलीत हात धुवायला साबण, टॉवेल, आरसा, पिण्याच्या पाण्याचा जार बापूंनी आधी जाऊन बघायचा.

५.०० सीमांतपूजन. नाना-वहिनी पाय धुतील, व्याह्यांना शाल-टोपी.

५.३० नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला. वरातीत नाचणं होणारच आणि होऊ द्यावं, पण ६.२० ला वरात दारात हवी. मारुतीपासून परत फिरवायची जबाबदारी बापूंची, कारण नवरदेवाच्या मामांशी त्यांची ओळख आहे. गोड बोलून आणता येईल. आपल्या पोरांनी तिकडे नाचायला जायचं नाही, त्यांना खुर्च्या आणि पाणी बघायचं आहे.

६.०५ हर्षू गौरीहरापाशी. तिच्याजवळ आजी आणि धाकटी मामी, एवढेच. त्याआधी तिला अर्धा ग्लास लिंबूसरबत. फोटोवाल्याला दहा मिनिटं, मग तो बाहेर.

६.४५ टाळी.
मामा हर्षूला घेऊन येईल आणि तिच्या मागे उभा राहील. अंतरपाट धरायला आप्पा आणि नवरदेवाकडचे एक. अक्षता सव्वासहालाच वाटून व्हायला हव्यात. मंगलाष्टकं म्हणणारे पाच जण ठरले आहेत, आयत्या वेळी कोणी माइक घेऊ नये.

७.०० पासून
पंगती. केळीच्या पानांवर वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, भात, मठ्ठा, बुंदी. बट्टीवर तूप वाढायला आपलीच पोरं ठेवा, ती हात आखडता घेत नाहीत. पहिली पंगत लांब जाणाऱ्यांची आणि म्हाताऱ्यांची. बँडवाले, ड्रायव्हर आणि मंडपवाले दुसऱ्या पंगतीत बसवा, शेवटी नको. तीही माणसं सकाळपासून उन्हात आहेत.

७.१५ ते ८.४५ विधी : कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी. कानपिळीला सागर हजर पाहिजे, त्या वेळी त्याला पंगतीत कोणी अडकवू नका. जेवणाची देखरेख आप्पा आणि मोठा मामा करतील. नाना-वहिनींनी होमापासून उठून पंगतीकडे बघायला जायचं नाही.

८.४५
नाना आणि वहिनींचं जेवण. दोघांना आतल्या खोलीत शेजारी बसवून, गरम बट्टी, मी स्वतः वाढणार. नानांची रात्रीची गोळी जेवणानंतर. वीस मिनिटं लागतील. तोवर व्याही-विहिणींपाशी आप्पा बसतील.

९.१५ विहीणपंगत. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. रस पाचला काढून बर्फात ठेवायचा, सकाळी काढून ठेवला तर या उन्हात आंबतो. हर्षू आणि जावई याच पंगतीत जेवतील. उखाणे घ्यायला लावा, पण तिला चार घास आधी खाऊ द्या.

१०.०० सूनमुख, झाल, आहेर. वेळ थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

१०.४५
पाठवणी. हर्षूची बॅग, औषधाची छोटी पिशवी आणि चार्जर गाडीत आधी. पाठराखीण म्हणून धाकटी मावशी जाईल, तिची बॅग वेगळी. आधी आजीच्या पाया, मग नाना-वहिनींजवळ. तिथे व्हिडिओवाल्याने चार पावलं मागे राहायचं, मी त्याला सांगून ठेवलंय. घाई करू नका. शिरपूर रात्रीच्या रस्त्याने दीड तासाचं आहे, पंधरा मिनिटं उशीर झाला तर काही बिघडत नाही.

११.१५
नाना, वहिनी, आजी पहिल्या गाडीने घरी. नानांनी हिशेबासाठी थांबायचं नाही. आचारी, मंडप, बँड यांचे राहिलेले पैसे जिभाऊ देतील आणि सह्या घेतील. उरलेलं वरण-बट्टी रात्रीच वाटून टाकायचं, आमरस उरला तर त्याच रात्री संपवायचा. मोठी भांडी मोजून मोठा मामा परत देईल.

वहिनींजवळ त्या रात्री मी झोपणार आहे. सकाळी आठपर्यंत घरात कोणी कोणाला उठवू नये. सुरतच्या मंडळींची गाडी दुपारची आहे, त्यांच्यासाठी डबा अकराला भरू.