कँडी क्रश सागा: आजीसाठी मराठीतून

आजी, खेळात येणाऱ्या इंग्रजी सूचना या पानांवर मराठीत उतरवल्या आहेत. ज्या बटणांवर बोट ठेवायचं, त्यांची नावं मात्र पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत. बटणाचं मराठी नाव पाठ करून पडद्यावर ते सापडलंच नाही, तर उपयोग काय? बाकी प्रत्येक गोष्टीला एकच शब्द आहे आणि शेवटपर्यंत तोच वापरलाय.

गोळी म्हणजे रंगीत कँडी. पट म्हणजे गोळ्या मांडलेली चौकट. दोन शेजारच्या गोळ्यांची अदलाबदल म्हणजे एक चाल. पटाचा एक डाव म्हणजे लेव्हल; नकाशावर तिचा आकडा असतो. जीव म्हणजे हृदयाचं चित्र. ते जास्तीत जास्त 5 असतात.

सुरुवात

नकाशावर आपल्या लेव्हलच्या आकड्यावर बोट टेकव. एक चौकट उघडेल. त्यात लेव्हल जिंकायला काय करायचं ते चित्रात असतं, आणि खाली Play, म्हणजे प्ले. त्यावर एकदाच दाब. Play च्या वर छोटी चित्रं दिसली तर त्यांना हात लावू नकोस. ती मोजकीच मिळणारी मदत आहे, अडलेल्या लेव्हलसाठी राखून ठेव.

चाल कशी करायची

गोळीवर बोट ठेवून शेजारच्या गोळीकडे सरकव आणि उचल. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चालतं. तिरकं चालत नाही. एका रंगाच्या 3 गोळ्या सरळ रेषेत आल्या की त्या फुटतात आणि वरच्या गोळ्या खाली घसरतात. तिघी जुळल्या नाहीत तर गोळ्या आपापल्या जागी परत जातात. अशा वेळी चाल मोजली जात नाही, तेव्हा चुकण्याची भीती नको.

गोळी हलतच नसेल तर बहुधा नखाने सरकवली जातेय. पडद्याला बोटाचं मांस लागतं. कणीक मळलेला किंवा तेलाचा हात असेल तरीही तो नीट ऐकत नाही. हात पुसून घे.

रंग ओळखायला त्रास झाला तर आकार बघ: लाल घेवड्याच्या दाण्यासारखी, नारिंगी लांबट, पिवळी थेंबासारखी, हिरवी चौकोनी, निळी गोल, जांभळी फुलासारखी.

थोडा वेळ काहीच केलं नाहीस तर काही गोळ्या आपोआप हलू लागतात. खेळ चाल सुचवतोय. ती चालते, पण सगळ्यात चांगली असेलच असं नाही.

मोठ्या गोळ्या

सलग 4 जुळवल्यास रेघांची गोळी मिळते. ती फुटली की आडव्या रेघा असतील तर अख्खी आडवी रांग जाते, उभ्या असतील तर उभी. 5 गोळ्या काटकोनात जुळल्या तर कागदातली गोळी. ती आजूबाजूच्या गोळ्या दोनदा फोडते. आणि सरळ रेषेत 5 जुळल्या तर ठिपक्यांचा लाडू. खेळ त्याला कलर बॉम्ब म्हणतो, पण दिसतो तो रंगीत बडीशेप लावलेल्या चॉकलेटच्या लाडवासारखाच. लाडू ज्या गोळीशी बदलशील, त्या रंगाच्या पटावरच्या सगळ्या गोळ्या जातात. रेघांच्या गोळीशी बदललास तर त्या रंगाची प्रत्येक गोळी रेघांची होऊन फुटते. म्हणून लाडू मिळाला की लगेच खर्चू नकोस. शेजारी रेघांची गोळी आणता येते का ते आधी बघ.

मधेच जाड आवाजात Sweet, Tasty, Divine असं ऐकू येईल. ती शाबासकी आहे. काही दाबायचं नाही.

Play आणि Play On

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाच. Play म्हणजे लेव्हल सुरू कर. Play On दिसतं ते चाली संपल्यावर. त्याचा अर्थ, सोन्याच्या विटा देऊन आणखी चाली घे. विटा थोड्याच असतात आणि संपल्या की खेळ खऱ्या पैशांनी विकत घ्यायला सांगतो. Play नंतर On दिसलं तर तिथे दाबू नकोस. कोपऱ्यातल्या फुलीवर दाब. खेळ पुन्हा विचारेल, पुन्हा फुलीच दाब. रुपयांचा आकडा किंवा पासवर्डची जागा दिसली तर टॅब्लेट खाली ठेव आणि घरात कुणालाही हाक मार.

जीव

लेव्हल हरली तर एक जीव जातो, जिंकली तर जात नाही. चाली केल्यावर लेव्हल अर्धवट सोडली तरी जीव जातो, त्यामुळे मधे उठायचं असेल तर टॅब्लेट तसाच खाली ठेव, फुली दाबू नकोस. गेलेला जीव 30 मिनिटांनी परत येतो. पाचही गेले तर ते सगळे भरायला अडीच तास लागतात, पण खेळायला एकच पुरतो: अर्धा तास थांबलीस की Play पुन्हा चालेल.