अर्धा किलो वांगी

लक्ष्मी मंडईत शिरल्या शिरल्या आज्जीनं वांग्याचं देठ वाकवून पाहिलं. हिरवं, काटेरी, ताजं.

"कशी दिलीस गं?"

"वीसला पाव, साठला किलो. घ्या की ओ आज्जी, सकाळीच आल्यात."

आज्जीनं मनूकडं पाहिलं. "आपल्याला अर्धा किलो पायजे. किती पैसे काढू?"

"चाळीस." मग मनू थबकली. "पण किलोच्या भावानं तर तीसच होतात!"

"मग तीसला कशी मिळतील, ते बघ."

"मावशी, अर्धा किलो तीसला द्या."

"नाही परवडत बाळ. किलोला साठ."

मनूनं आज्जीकडं पाहिलं, पण आज्जी मुद्दाम शेपू निवडत बसलेली. शेजारी एक बाई पाव किलो मागावं की अर्धा, अशा विचारात उभी होती. मनू तिच्याजवळ सरकली. "काकू, तुम्हाला अर्धा किलो पायजे का? दोघींत किलो घेऊ. तीस-तीस."

काकू हसली, हो म्हणाली. वांगी तोलली गेली, पण आता वाटायची कशी? अर्ध्याचं माप पलीकडच्या गाळ्यावर गेलेलं.

"माप कशाला लागतंय?" आज्जी शेपूतून मान वर न करता म्हणाली.

मनूनं तराजूकडं नीट पाहिलं. मग एक वांगं डाव्या पारड्यात, एक उजव्या. डावं खाली गेलं की पुढचं उजव्यात. शेवटी काटा जरासा कललेलाच राहिला. तिनं डावीकडचं मोठं वांगं उजवीकडं दिलं, उजवीकडचं जरा लहान डावीकडं घेतलं. काटा मधे आला.

"शाब्बास! आता हे सांग," आज्जीनं पन्नासची नोट तिच्या हातात दिली. "लिंबू पाचला एक, कोथिंबीर दहाला जुडी. दोन्ही मिळून आठ नग आण, पन्नास पुरे संपले पायजेत."

मनू बोटांवर मोजू लागली. चार न् चार, साठ. पाच न् तीन, पंचावन्न.

"असं चाचपडत किती वेळ? आधी आठही लिंबंच धर."

"चाळीस."

"उरले?"

"दहा. एक लिंबू ठेवून जुडी उचलली की पाच जादा लागतात..." मनूचे डोळे मोठे झाले. "म्हणजे दोनदा बदलायचं! दोन जुड्या, सहा लिंबं!"

"आणि शंभरात सोळा नग म्हणलं तर?"

"सगळं दुप्पट. हे सोपंय आज्जी, अवघड घाल."

"घालते. आधी पैसे दे तिला."

मनूनं नोट पुढं केली, पण सोडली नाही. "मावशी, पन्नासची खरेदी झाली. कढीपत्ता वरून घालताय ना?"

भाजीवालीनं आज्जीकडं पाहिलं. आज्जी परत शेपू निवडायला लागली होती.