दाव्याच्या छाननीसाठी संपूर्ण उपचार-नोंदी व तपासणी अहवाल पाठवण्याबाबत

दिनांक : 29 एप्रिल 2025
जावक क्रमांक : दावा/वैद्यकीय/2025/0417

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
(प्रत : बिलिंग विभाग व वैद्यकीय अभिलेख कक्ष)

विषय : अंतर्रुग्ण क्रमांक 25/03118, कॅशलेस दावा क्रमांक 8842-25-0617. रुपये 48,73,260 च्या अंतिम बिलासंदर्भात संपूर्ण केस पेपर, चार्ट व तपासणी अहवाल मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील क्रमांकाचे 52 वर्षांचे रुग्ण स्वादुपिंडाच्या तीव्र दाहामुळे 4 मार्च 2025 रोजी आपल्याकडे दाखल झाले आणि 20 एप्रिलला घरी गेले. मुक्काम 47 दिवसांचा, त्यातले 31 दिवस आयसीयूत. या काळात आम्ही टप्प्याटप्प्याने 22,00,000 रुपयांची मंजुरी दिली, आणि रुग्णाच्या कुटुंबाने 9,50,000 रुपये अनामत भरली. उरलेल्या 17,23,260 रुपयांचा निर्णय आमच्याकडे अडला आहे. अडण्याचे कारण एकच : एवढ्या मोठ्या आजारपणाची हकिगत आमच्यापर्यंत दोन पानांच्या डिस्चार्ज समरीतून आणि ठोक रकमांच्या बिलातून पोहोचली आहे. एवढ्या कागदांवर हा दावा मंजूर करता येत नाही, आणि नाकारणे तर अजिबात योग्य होणार नाही.

हे पत्र आपल्या उपचारांवर संशय घेण्यासाठी लिहिलेले नाही. मी स्वतः काही वर्षे आयसीयूत काम केले आहे. स्वादुपिंडाच्या मृत भागात संसर्ग झालेला रुग्ण वाचवणे किती कठीण असते, हे मी पाहिले आहे. समरीतला क्रम, म्हणजे आधी त्वचेतून नळी टाकून निचरा करणे, शक्य तितके थांबणे आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करणे, हा विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. रुग्ण चालत घरी गेले, याबद्दल आपल्या चमूचे मनापासून अभिनंदन. पण बिलातला प्रत्येक आकडा कोणत्या दिवसाच्या कोणत्या गरजेतून आला, हे आम्हाला नोंदीतूनच दिसायला हवे. पॉलिसीचा पैसा असंख्य विमाधारकांचा असतो. त्याचा हिशेब देणे हे आमचे काम आहे.

आम्हाला जे जुळत नाही ते आधी सांगतो, म्हणजे कोणते कागद का हवेत ते स्पष्ट होईल.

समरीनुसार रुग्ण 8 मार्च ते 26 मार्च, म्हणजे 19 दिवस व्हेंटिलेटरवर होते. बिलात व्हेंटिलेटरचे 23 दिवस लावले आहेत. मृत भाग काढण्याच्या शस्त्रक्रिया 30 मार्च आणि 3 एप्रिल रोजी झाल्या. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन दिवस पुन्हा व्हेंटिलेटरवर ठेवले असेल तर हिशेब नेमका जुळतो, आणि तसे झाले असण्याची शक्यता आम्हाला मोठी वाटते. मात्र समरीत त्याचा उल्लेख नाही. त्यामुळे व्हेंटिलेटर चार्ट, धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीचे वेळेसह सर्व निकाल, ट्रॅकिओस्टॉमीची नोंद आणि दोन्ही शस्त्रक्रियांचे भूल-चार्ट पाठवावेत. हे कागद आले की हा मुद्दा तिथेच संपेल.

सर्वांत मोठी रक्कम औषधांची आहे : 16,82,460 रुपये. समरीत मेरोपेनेम 1 ग्रॅम दर आठ तासांनी 28 दिवस दिल्याचे लिहिले आहे. त्या हिशेबाने 1 ग्रॅमच्या 84 कुप्या लागतात. मात्रा दुप्पट केली असे धरले तरी 168. बिलात 214 कुप्या आहेत. त्यातच रुग्णाची मूत्रपिंडे मंदावली होती आणि 11 वेळा डायलिसिस झाले, म्हणजे काही दिवस मात्रा कमीच केली असणार. वॉर्डात गेल्यावरही औषध सुरू राहिले असेल, किंवा न वापरलेल्या कुप्या परत गेल्या असून परतावा बिलात लागला नसेल. यातले काय झाले हे आम्ही अंदाजाने ठरवणार नाही. रोजचा औषध-चार्ट (परिचारिकेच्या सहीचा, मात्रा आणि वेळ दिसेल असा), फार्मसीची दिवसवार देयके बॅच क्रमांकासह, आणि परत केलेल्या औषधांची नोंद, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. त्यातला एक कागद जरी राहिला तरी बाकीच्या दोन कागदांचा उपयोग अर्धाच होतो.

अल्ब्युमिनच्या 42 बाटल्या, कॉलिस्टिन आणि कॅस्पोफंजिन यांच्याबाबतही असेच. ही औषधे गरजेची नव्हती असे आम्ही म्हणत नाही. रक्त, निचऱ्याचा द्रव आणि शस्त्रक्रियेत काढलेला भाग यांचे कल्चर व औषध-संवेदनशीलतेचे अहवाल मिळाले की अँटिबायोटिकची निवड आपोआप समजेल. बुरशीविरोधी औषध कशाच्या आधारे सुरू केले, तो निर्णय डॉक्टरांच्या दैनंदिन टिपणात असेलच. सीरम अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि प्रोकॅल्सिटोनिनचे तारीखवार निकाल सोबत जोडावेत. डायलिसिसच्या प्रत्येक सत्राचा चार्टही हवा.

तपासण्यांचे बिल 4,96,000 रुपयांचे आहे आणि आमच्याकडे आलेले अहवाल मोजकेच आहेत. बिलात पोटाचे पाच सीटी स्कॅन दिसतात, समरीत तीन स्कॅनचा उल्लेख आहे, अहवाल दोनच आले. पाचही स्कॅनचे लेखी अहवाल आणि मूळ प्रतिमांची सीडी पाठवावी. पहिल्या दोन-तीन दिवसांतला सीटी पेशी किती मेल्या आहेत हे पुरेसे दाखवत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा स्कॅन करावा लागला यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. प्रत्येक स्कॅन कोणत्या कारणाने सांगितला ते टिपणात दिसले की पुरे. शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे पाठवल्याचे समरीत लिहिले आहे, तो अहवाल अजून आलेला नाही. तोही हवा.

साहित्याच्या 6,18,300 रुपयांत नळ्या, कॅथेटर, ड्रेसिंग, हातमोजे सगळे एकाच ओळीत आहे. त्याची वस्तुवार फोड करावी आणि निचऱ्याच्या नळ्या व सेंट्रल लाइनचे मूळ स्टिकर जोडावेत. शस्त्रक्रियांच्या 7,40,000 रुपयांत शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांचे आकार वेगळे दाखवावेत. तज्ज्ञांच्या भेटींचे 2,82,000 रुपये त्या-त्या दिवशीच्या सहीच्या टिपणांवरून पडताळू. आयसीयू आणि खोलीच्या भाड्याचा हिशेब (आयसीयूचे 31 आणि वॉर्डाचे 16 दिवस) जुळतो. तिथे काही विचारायचे नाही.

आता एक नाजूक मुद्दा, तो स्पष्टच लिहितो. समरीत आजाराच्या कारणाची जागा कोरी आहे. या रुग्णाची मूळ पॉलिसी जुनी आहे, पण मोठ्या रकमेची टॉप-अप पॉलिसी ऑगस्ट 2024 पासूनची आहे आणि तिच्यात पित्ताशयातील खड्यांच्या उपचारांसाठी 24 महिन्यांची प्रतीक्षा मुदत आहे. म्हणून कारणाला महत्त्व आहे. दाखल करताना घेतलेला इतिहास, पोटाची सोनोग्राफी, एमआरसीपी केली असल्यास तिचा अहवाल, पहिल्या दिवसांचे लायपेज, बिलिरुबिन, कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड यांचे निकाल, तसेच ज्या ठिकाणाहून रुग्ण आपल्याकडे पाठवले गेले तिथले पत्र व कागद पाठवावेत. कारण शोधूनही सापडले नसेल तर तसे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावे; तेही उत्तर आम्हाला पूर्ण मान्य आहे. या आजारात असे घडते.

याच संदर्भात आग्रहाची विनंती : नोंदी जशा आहेत तशाच पाठवाव्यात. रात्रपाळीत घाईने लिहिलेले, खाडाखोड झालेले, शाई पसरलेले पान आमच्यासाठी नव्याने सुबक लिहून काढलेल्या पानापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. एखादी नोंद राहून गेली असेल तर जुन्या पानात भर घालू नये. आजच्या तारखेच्या वेगळ्या पत्रावर डॉक्टरांनी सहीनिशी खुलासा करावा. ज्या नोंदी संगणकात आहेत, त्यांच्या छापील प्रतीवर नोंद केल्याची वेळ दिसू द्यावी.

वर उल्लेख आलेल्या कागदांखेरीज बाकी इनडोअर केस पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हवा : आयसीयूचे तासातासाचे चार्ट, परिचारिकांची टिपणे, द्रव दिल्या-गेल्याचा हिशेब, संमतीपत्रे, आहाराच्या आणि फिजिओथेरपीच्या नोंदी. निवडक पाने नकोत. पानांना अनुक्रमांक घालून अभिलेख कक्षाचा शिक्का व सही असलेली स्कॅन प्रत या मेलच्या उत्तरात पाठवली तरी चालेल. सीडी आणि स्टिकरची मूळ पाने मात्र कुरिअरने. प्रती काढण्याचा खर्च आम्ही देऊ.

रुग्णाने दावा अर्जात नोंदी आम्हाला देण्यास दिलेली लेखी संमती सोबत जोडली आहे. या नोंदी फक्त छाननी करणारे डॉक्टर आणि दावा अधिकारी पाहतील. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एचआयव्ही तपासणीचा निकाल या दाव्यासाठी लागत नाही, तो झाकून पाठवावा.

सर्व कागद 9 मे 2025 पर्यंत मिळावेत. एवढी मोठी फाइल एकदम काढणे अवघड असेल तर औषध-चार्ट, फार्मसीची देयके आणि आयसीयू चार्ट आधी पाठवावेत. छाननी तिथूनच सुरू करू. आमचे वैद्यकीय अधिकारी 6 मे रोजी सकाळी 11 वाजता मूळ फाइल पाहण्यासाठी अभिलेख कक्षात येऊ शकतात. ती वेळ गैरसोयीची असेल तर आपण दुसरी सुचवावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी त्या वेळी अर्धा तास बोलता आले तर बरेच प्रश्न तिथल्या तिथे सुटतील.

आधी मंजूर केलेले 22,00,000 रुपये या पत्रामुळे रोखलेले नाहीत. बाकी रकमेबाबत, सर्व कागद हाती आल्यापासून सात कामाच्या दिवसांत लेखी निर्णय कळवू, आणि एखादी रक्कम कापली तर ती कोणत्या नोंदीवरून कापली तेही लिहू.

शेवटची विनंती कुटुंबाच्या वतीने करतो. रुग्णाच्या पत्नीने आम्हाला कळवले आहे की उरलेली रक्कम स्वतः भरावी, असा निरोप त्यांना बिलिंग विभागातून आला आहे. रुग्ण अजून अशक्त आहेत, पोटावरची जखम भरायची आहे. आमचा निर्णय होईपर्यंत त्यांच्याकडे पैशाचा तगादा लावू नये आणि फेरतपासणीच्या भेटी अडवू नयेत. कागदांचा हा प्रश्न आपल्या आणि आमच्यातला आहे.

आपला विश्वासू,

मुख्य वैद्यकीय अधिकारी,
दावा छाननी विभाग (आरोग्य विमा)

सोबत : रुग्णाचे संमतीपत्र, अंतिम बिलाची प्रत, विचारणा केलेल्या ओळींवर खूण करून, आतापर्यंतच्या मंजुरीपत्रांच्या प्रती.

प्रत माहितीसाठी : विमाधारक.